पाठीवरची शिबं

उन्हाळा लागला की माझ्या पाठीवर शिबं उठतात. आता पासष्टी उलटली तरी उठतात. मानेखाली, दोन्ही खांद्यांच्या मधे, छातीच्या वरच्या भागावर पांढुरके ठिपके येतात, मोठे होतात आणि एकमेकांत मिसळतात. मी औषध लावते, काही महिन्यांनी रंग भरून येतो, आणि पुढच्या वर्षी घामाच्या धारा लागल्या की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सुनेला वाटतं, मला याचा फार त्रास होत असणार. शिबांनी मला कधी त्रास दिला नाही. खाजसुद्धा असून नसल्यासारखी. त्रास दिला तो माणसांनी, आणि त्याचा राग अजून माझ्या डोक्यात आहे. तो गेला नाही याचं मला वाईटही वाटत नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. भाड्याच्या इमारतींत कचेऱ्या उघडत होत्या, नव्या पाट्या लागत होत्या, आणि नवा जिल्हा म्हणजे नव्या जागा, असं घराघरांत बोललं जात होतं. मी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं गाव जळकोटच्याही पलीकडं. दुष्काळ पडलेला, आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती. पोरगी मास्तरीण होणार, हे तिनं तिथल्या समद्या बायांना सांगून ठेवलं होतं. गावाहून रोज ये-जा करणं शक्यच नव्हतं आणि लातुरात आमचं कुणी नव्हतं. वसतिगृहातली खाट गेली की डी.एड. गेलं, इतकं ते सरळ होतं.

वसतिगृह म्हणजे एक लांब खोली, तिच्यात ओळीनं खाटा, बाहेर व्हरांडा आणि व्हरांड्याच्या टोकाला पत्र्याची एक अडगळीची खोली. टँकर आला तर पाणी. प्रत्येकीला एक बादली, तिच्यातच आंघोळ आणि तिच्यातच कपडे. टँकर आला नाही की नुसतं तोंड धुऊन कॉलेजात. आम्हाला गणवेशाची साडी होती, आणि ब्लाउज कसल्याशा जाड, घाम न पिणाऱ्या कापडाचं. दुपारी ते पाठीला चिकटायचं ते संध्याकाळी सुटायचं. आंघोळ नाही म्हणून अंग खरखरीत व्हायचं, आणि अंग खरखरीत झालं की आमच्याकडं त्याला एकच उपाय, तेल. आईनं करडीच्या तेलाची बाटली दिली होती. पाठीवर पांढुरके ठिपके दिसायला लागले तेव्हा मला वाटलं, उन्हानं कातडी कोरडी पडली. मी जास्त तेल चोपडायला लागले. माझ्या शेजारच्या खाटेवरची मैत्रीण धर्माबादची होती. तीच माझ्या पाठीला तेल लावून द्यायची आणि मी तिच्या केसांना.

ते उघडकीला आलं ते शाळेत. आमचे सराव तास चालायचे. खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांपुढं शिकवायचं आणि मागच्या बाकावर आमच्या एक प्राध्यापिका बसून बघणार. मी चौथीच्या वर्गाला नद्या शिकवत होते. फळ्यावर गोदावरी काढली, मांजरा काढली, अक्षर टपोरं आलं म्हणून खूश होते. तास संपल्यावर प्राध्यापिकाबाई नद्यांबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. माझ्या मानेखाली बघत म्हणाल्या, "हे किती दिवसांपासून आहे?"

संध्याकाळपर्यंत बातमी वसतिगृहात पोचली होती. आमच्या रेक्टरबाई नांदेडच्या. गोऱ्यापान, टापटिपीच्या, आणि वसतिगृह म्हणजे आपलं स्वयंपाकघर असल्यासारख्या वागणाऱ्या. त्यांनी मला व्हरांड्यात उभं केलं, पदर खाली घ्यायला लावला आणि चार हातांवरून पाहिलं. पुढं आल्या नाहीत.

"कोड तरी असंल, नाही तर दुसरं मोठं काही," त्या म्हणाल्या. दुसरं मोठं काही म्हणजे महारोग. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण सगळ्या मुलींना तो ऐकू गेला.

"बाई, दुखत नाही, खाजत नाही," मी म्हटलं.

"दुखत नाही म्हणूनच तर भीती. तुझी खाट आजच बाहेर काढायची. आणि कुणी हिच्या अंगाला हात लावायचा नाही. लावलेला दिसला तर तिचीही खाट बाहेर."

माझी खाट पत्र्याच्या खोलीत गेली. दुष्काळातला उन्हाळा आणि वर पत्रा. ज्या घामानं हे सगळं उठलं होतं त्याच घामात मला नेऊन ठेवलं आणि त्याला काळजी म्हणायचं! पण मला ती खोली इतकी लागली नाही. लागलं ते पाणी. माठाला मी हात लावायचा नाही असं ठरलं. तहान लागली की माठाजवळ जाऊन उभं राहायचं, कुणीतरी तांब्या घेऊन येणार, मी ओंजळ धरायची आणि ती वरून ओतणार.

आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा वरून ओतलेलं पाणी पुन्हा पिणार नाही, असं म्हणून ते गावच्या हॉटेलातनं कायमचे उठले होते. आमच्या घरात ही गोष्ट सणासारखी सांगितली जायची. आणि मी त्यांची शिकलेली नात, नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी, व्हरांड्यात ओंजळ धरून उभी! रेक्टरबाईंना तसं म्हटलं असतं तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते. त्या जातपात मानत नाहीत असं त्या नेहमी सांगायच्या. रोगासाठी केलं, म्हणाल्या असत्या. असेल. पण रोगासाठी काय करायचं असतं हे ठरवताना त्यांना पहिल्या झटक्याला सुचलं काय, तर वरून पाणी. ते कुठून सुचलं, हे मला अजून त्यांना विचारायचं आहे.

मी वरून पाणी प्याले नाही. कॉलेजातल्या नळाला पाणी असेल तेव्हा तिथं प्यायचे, नाही तर तशीच राहायचे.

मग एक दिवस रजा टाकून सरकारी दवाखान्यात गेले. कातडीचे डॉक्टर ठरावीक वारी बसायचे. आत गेल्यावर मी सवयीनं लांब उभी राहिले. "तिथून काय दिसणार मला?" म्हणून त्यांनी खुर्ची पुढं ओढली. आधी मला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचं टोक पाठीवर ठिकठिकाणी टेकवलं. "लागलं की सांग." प्रत्येक वेळी मला कळलं. "महारोगाच्या चट्ट्यावर हे असं कळत नाही," ते म्हणाले. मग नखानं एका चट्ट्यावर ओरखडा काढला. भुशासारखा बारीक कोंडा सुटला. "कोडात कोंडा सुटत नाही आणि ते दुधासारखं पांढरं असतं. ही शिबं आहेत." तरीही त्यांनी काचेच्या पट्टीवर तो कोंडा खरवडून घेतला, औषधाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून मान डोलावली.

"बुरशी आहे. हिचं बी तुझ्या अंगावर आहे, माझ्याही आहे, बाहेर रांगेत बसलेल्या सगळ्यांच्या आहे. उकाडा आणि घाम मिळाला की काहींच्या अंगावर ती वाढते. एकीपासून दुसरीला होत नाही. तेल लावतेस का?"

"रोज, करडीचं."

"मग तू तिला जेवू घालतेस. तिचं खाणंच ते. आजपासून अंगाला तेल बंद."

मला हसू आलं आणि रडूही आलं. आईच्या हातचं तेल मी इतक्या प्रेमानं चोळत होते!

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या दोन्ही पुढं माझ्या कामाला आल्या. एक, बुरशी काही आठवड्यांत मरेल, पण तिनं कातडीचा रंग दाबून ठेवलेला असतो, तो भरून यायला महिने लागतात. तोवर चट्टे दिसतच राहणार. कोंडा सुटायचा थांबला की समजायचं, बुरशी गेली. दुसरं, सावळ्या अंगावर ती बहुतेक पांढुरकी दिसते आणि गोऱ्या अंगावर बहुतेक तपकिरी. रोग तोच.

औषध दवाखान्यात संपलं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि म्हणाले, "फोटोवाल्याकडं जा. फोटो धुवायला हायपो वापरतात, त्याचे साधे खडे माग. तयार केलेलं मिश्रण नको." त्याबरोबर हा आजार संसर्गाचा नाही असा दाखलाही दिला.

बाजारात एका जुन्या मुसलमान कुटुंबाचा फोटो स्टुडिओ होता. गल्ल्यावर म्हातारे चाचा बसले होते. हायपो मागितल्यावर म्हणाले, "बेटी, फोटो तू घरीच धुऊन राहिलीस का?"

"न्हाई चाचा, पाठ धुवायचीय."

ते खो खो हसले. "हाव, हाव. डॉक्टरसाब पाठवतेत कधीकधी. माझ्या पोराला बी हेच लावलं." आणि त्यांनी बर्फीसारखे पांढरे खडे कागदात बांधून दिले.

एक भाग खडे, चार भाग उकळून गार केलेलं पाणी. सकाळ-संध्याकाळ अंग पुसून कोरडं करायचं आणि लावायचं. मी दाखला नाचवत वसतिगृहात आले. आता संपलं, असंच मला वाटलं होतं. रेक्टरबाईंनी दाखला वाचला, घडी केली आणि परत दिला.

"डॉक्टरांचं बरोबर असंल. पण इथं पोरींची जबाबदारी माझ्यावर हाय. डाग गेले की बघू."

"बाई, डाग जायला महिने लागतात. रोग त्याच्या आधी जातो."

"असं कसं? डाग हाय म्हणजे रोग हाय."

म्हणजे कागद शिकलेल्या माणसाचा, शिक्का सरकारचा, आणि निकाल मात्र यांच्या डोळ्यांचा! वर त्यांनी सांगितलं, वार्षिक सराव तासांच्या आधी डाग गेले नाहीत तर मला गावी जावं लागेल. कुठली शाळा आपल्या पोरांपुढं मला उभं राहू देणार?

आणि आता खरी पंचाईत सुरू झाली. आपला हात आपल्या पाठीला पुरत नाही. मानेला, खांद्यांना, छातीला मी औषध लावलं. कमरेकडून हात वर वळवून जमेल तितकं लावलं. पण खांद्यांच्या मधली जागा, जिथं सगळ्यात जास्त होतं, तिथं काही केल्या बोट पोचेना. काठीला चिंधी बांधून पाहिली, औषध कमरेवरून खाली ओघळलं. टॉवेल भिजवून दोन्ही टोकं धरून घासला, टॉवेलच सगळं पिऊन बसला. काही आठवड्यांत खांद्यांवरचा कोंडा बंद झाला. मधे मात्र नवे ठिपके उठतच होते, पत्र्याखाली घाम काय थांबणार? दुसऱ्या कुणीतरी हात लावल्याशिवाय बरा न होणारा आजार मला झाला होता आणि मला हात लावायला बंदी होती. याहून मूर्खपणा कुठं असेल?

धर्माबादची मैत्रीण एकदा पत्र्याच्या खोलीच्या दारापर्यंत आली. "मी लावून देते गं, पण बाईनं पाहिलं तर?" आणि तिथंच घोटाळली. मी म्हटलं, "लाव की." ती रडायला लागली. तिच्या घरी लहान बहिणी होत्या, तिलाही नोकरी हवी होती. ती गेली. मला तिचं सगळं समजत होतं आणि तरी मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर थोडा अजूनही आहे.

रेक्टरबाई आंघोळीनंतर व्हरांड्यात खुर्ची टाकून केस वाळवायच्या. एके दिवशी मी पत्र्याच्या खोलीतून बाहेर येत होते आणि त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या. केस पुढं घेतलेले. मानेखाली, ब्लाउजच्या काठापर्यंत, गोऱ्या कातडीवर तपकिरी ठिपके. काही एकमेकांत मिसळलेले. एक मुलगी त्यांच्या मानेला दुधाची साय चोळत होती.

"ऊन बाधलंय मला," त्या तिला सांगत होत्या. "हे लातूरचं ऊन लई वाईट. नीट चोळ, मधे राहिलं बघ."

टँकरच्या पाण्यासाठी आम्ही भांडत होतो आणि तिथं बुरशीला साय भरवली जात होती. पण माझं डोकं सणकलं ते त्या मुलीच्या हातामुळं. त्यांच्या ठिपक्यांना पाळीनं मुलींचे हात, आणि माझ्या ठिपक्यांना काठीची चिंधी! त्यांना काय, तर ऊन बाधलं. मला काय, तर रोग. एकाच बुरशीची ही दोन नावं.

त्याच संध्याकाळी टँकर आला तेव्हा सगळ्या अंगणात होत्या. बाई म्हणाल्या, "तू मागं थांब, तुझी बादली शेवटी." रोजच म्हणायच्या. त्या दिवशी मी थांबले नाही.

"बाई, माझ्या पाठीवर जे आहे तेच तुमच्या मानेवर आहे," मी सगळ्यांदेखत म्हटलं. "तुम्ही गोऱ्या म्हणून तपकिरी दिसतं, मी सावळी म्हणून पांढरं. नखानं खरवडून बघा, कोंडा सुटेल. आणि साय लावू नका, बुरशी वाढते त्यानं."

बाईंचा हात आपोआप मानेकडं गेला, आणि अर्ध्यावर थांबला.

"मला महारोग म्हणतीस?" त्या म्हणाल्या.

"मी नाही म्हणत. तुम्ही म्हणत होतात, मला."

"शनिवारी सामान घेऊन गावी जायचं. एक शब्द जास्ती नको."

मी खोलीत येऊन ट्रंक भरायला लागले. भीती वाटत होती, आईला काय सांगू याची. पण बोलल्याचा पश्चात्ताप वाटला नाही. रागाच्या भरात मी साड्या घड्या न घालताच ट्रंकेत कोंबल्या.

शुक्रवारी दुपारी मुली कॉलेजात होत्या. मी सुतळीनं वळकटी बांधत होते. दार लोटलं गेलं आणि रेक्टरबाई आत आल्या. त्या खोलीत त्या पहिल्यांदाच येत होत्या. पत्र्याची धग लागून त्यांच्या कपाळावर लगेच घाम आला. त्यांनी मागं वळून दार लावून घेतलं.

"मी दाखवून आले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुझ्याच डॉक्टरला."

"काय म्हणाले?"

"तेच." त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. चाचांनी बांधलेली, मी लगेच ओळखली. "हे लावायचं म्हणे. खाली पाठभर हाय, माझा हात पोचत न्हाई."

"मुली आहेत की."

मुलींना त्या कसं सांगणार? साय लावून घेताना ऊन बाधलं होतं. हायपो लावून घ्यायचा तर तो रोग झाला, आणि रोगाला हात लावायचा नाही हा त्यांचाच हुकूम. मुलींनी तो चोख पाळला असता. सगळ्या वसतिगृहात त्यांच्या पाठीला हात लावू शकेल अशी एकच मुलगी उरली होती.

"तू लावून देशील का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला दया यायला हवी होती. आली नाही.

"देते. पण माझी खाट आत घ्यायची."

"उद्या घे."

"आज. मुली यायच्या आत. आणि माठातलं पाणी मी माझ्या हातानं घेणार."

"बरं."

"आणि आधी माझ्या पाठीला लावा."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काहीतरी अचाट मागितलं आहे. मी माझी औषधाची बाटली त्यांच्यापुढं ठेवली, ब्लाउज काढलं आणि वळून बसले. मग बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज आला. त्यांनी कापसाचा मोठा बोळा करून चिमटीत धरला आणि खांद्यावर टेकवला, जिथं बरं झालं होतं तिथं.

"तिथं नाही, बाई. मधे. आणि कापूस ठेवा."

बोळा खाली पडला. थंडगार ओलं बोट माझ्या पाठीला लागलं आणि लगेच उचललं गेलं. मग पुन्हा लागलं. मग दोन बोटं. मला कुणीही हात लावून किती तरी दिवस झाले होते. मला ते बरं वाटलं आणि त्याचाही मला रागच आला, की बरं वाटावं तर या हातानं.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "अख्खा तळवा टेका, बाई."